डिस्ट्रिब्युटर अ‍ॅग्रीमेंटमधून टेरिटरी, टार्गेट, एक्स्क्लुझिव्ह आणि टर्मिनेशन एका पानावर कसं काढावं? (इंदूर)

रेवाकाठ
नमस्कार मंडळी. इंदूरच्या ब्रँचला सेल्स कोऑर्डिनेशन बघते. माल म्हणजे स्विच, सॉकेट, एमसीबी वगैरे. नवे रिजनल मॅनेजर पुण्याहून आलेत. त्यांना प्रत्येक डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅग्रीमेंटमधून चार गोष्टी एका पानावर हव्यात: टेरिटरी, टार्गेट, एक्स्क्लुझिव्ह आहे का, आणि काढायचं झालं तर कसं.

पहिलं अ‍ॅग्रीमेंट इंदूरच्याच पार्टीचं घेतलं. एप्रिल 2012 मधलं, सतरा पानं, शेवटी दोन अ‍ॅनेक्शर, आणि फाइलला टाचलेली काही पत्रं. चार रकाने करून त्या-त्या कलमातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं, "हे वाचून मला एवढंच सांगा, पिथमपूरला दुसरा माणूस नेमू शकतो की नाही?" आणि ते माझ्या पानावरून खरंच कळत नाही.

मुख्य कलमं सोप्या भाषेत देते.
कलम 4: टेरिटरी अ‍ॅनेक्शर ए प्रमाणे. तिथे लिहिलंय इंदूर जिल्हा, देवास जिल्हा, शाजापूर जिल्हा.
कलम 6: तिमाही किमान खरेदी अ‍ॅनेक्शर बी प्रमाणे, सध्या 45 लाख.
कलम 7: टेरिटरीत कंपनी दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमणार नाही. सलग दोन तिमाही 80 टक्क्यांच्या खाली गेल्या तर कंपनी लेखी नोटीस देऊन हा हक्क काढून घेऊ शकते.
कलम 14: कारण न देता 90 दिवसांची नोटीस. कराराचा भंग झाला तर 30 दिवस सुधारायला, मग बंद.

पान कसं लिहावं?

सियागंजकर
वीस वर्षं सेल्समध्ये घालवली, ताई. अ‍ॅग्रीमेंट कपाटात असतं आणि धंदा बाजारात. साहेबांना दोनच गोष्टी लागतात: टार्गेट झालं का, आणि नाही झालं तर एक्स्क्लुझिव्ह गेलं. दोन तिमाही मार खाल्ला असेल तर दुसरा माणूस नेमा, विषय संपला. आणि पिथमपूर तर इंदूरच झालं आता, तो एरिया ह्याच पार्टीचा धरा.

कलमदान
सियागंजकर, निम्मं बरोबर आहे. टार्गेट आणि एक्स्क्लुझिव्ह एकमेकांना बांधलेले आहेत, म्हणूनच चार वेगळे रकाने करून उपयोग होत नाही. पण "गेलं" हा शब्द घाईचा आहे. कलम 7 म्हणतं कंपनी नोटीस देऊन काढून घेऊ *शकते*. म्हणजे टार्गेट चुकलं तरी नोटीस जात नाही तोवर हक्क शाबूत. पानावर हे आधी लिहायचं.

आणि पिथमपूर इंदूरला चिकटलेलं असलं तरी आहे धार जिल्ह्यात. अ‍ॅनेक्शर ए मध्ये धार नाहीच.

रेवाकाठ, कंपनीच्या कमर्शियलमध्ये असताना मी असली अ‍ॅग्रीमेंटं नेहमी मागून पुढे वाचायचो. आधी पत्रं, मग अ‍ॅनेक्शर, मग कलम 1 किंवा 2 मधल्या व्याख्या, आणि शेवटी तुम्ही दिलेली चार कलमं. मधली सतरा पानं बहुतेक साच्यातली असतात. खरा सौदा टाचलेल्या कागदात असतो. तीन गोष्टी सांगा: पत्रांत पिथमपूरचा उल्लेख आहे का, "खरेदी" म्हणजे काय ते व्याख्येत कसं दिलंय, आणि बदल कसा करायचा याचं कलम काय म्हणतं.

उज्जैनचा_दुकानदार
म्हणजे तुम्हीही पार्टी काढायच्या तयारीत! माझी पण अशीच काढली होती एका कंपनीने. गोदामात माल पडून, स्कीमचे क्लेम अडकलेले, डिपॉझिट आजतागायत आलं नाही. इंदूरला फोन केला की म्हणतात भोपाळला विचारा, भोपाळ म्हणतं हेड ऑफिस. नोटीस मात्र वेळेवर आली. पान करताना आमच्या बाजूचाही एक रकाना ठेवा, बाईसाहेब.

रेवाकाठ
@उज्जैनचा_दुकानदार दादा, अजून कुणालाच काढत नाहीये. फक्त लिहून ठेवतोय. पण तुमचा रकाना ध्यानात ठेवते.

@कलमदान काका, बघितलं. 2016 चं एक पत्र आहे. त्यात म्हटलंय की पिथमपूर औद्योगिक परिसरातल्या दुकानदारांना माल पुरवण्याची तुम्हाला मुभा देण्यात येत आहे. खाली फक्त आपल्या एएसएमची सही. कलम 18 म्हणतं, करारातला कोणताही बदल दोघांच्या सहीनेच.
व्याख्या 2.6: खरेदी म्हणजे तिमाहीतल्या बिलांची रक्कम, कर वगळून, परत आलेला माल वजा करून.

अ‍ॅड_ग्वाल्हेर
वकील आहे, म्हणून मध्ये बोलते. 2016 च्या पत्राने अ‍ॅनेक्शर ए बदललं असं त्यात लिहिलेलं नाही, "मुभा" दिली आहे. आणि कलम 7 चं एक्स्क्लुझिव्ह हे अ‍ॅनेक्शर ए मधल्या टेरिटरीपुरतं. तेव्हा कागदावरून वाचलं तर ही पार्टी पिथमपूरला विकू शकते, पण तिथे ती एकटीच असेल असं कंपनीने कबूल केलेलं नाही.

आता दुसरी बाजू. इतकी वर्षं तिथे तीच पार्टी विकत असेल, तिथली विक्री तिच्या टार्गेटमध्ये धरली जात असेल, कुणी ईमेलमध्ये "तुमचा पिथमपूर एरिया" असं लिहिलं असेल, तर तिचा वकील हे सगळं पुढे ठेवेल. निकाल काय लागेल ते आत्ता सांगता येत नाही. म्हणून पानावर "नाही" असं ठोकून लिहू नका. "अ‍ॅनेक्शरमध्ये नाही, 2016 च्या पत्राने मुभा, एकतर्फी सही, लीगलचं मत घ्यायचं" एवढं लिहा.

निमाडकर
शाजापूरही बघा बरं का. अ‍ॅग्रीमेंट 2012 चं, आगर-मालवा वेगळा जिल्हा झाला 2013 मध्ये. तेव्हाच्या शाजापूरमध्ये आगर, सुसनेर, नलखेडा, बडौद सगळं होतं. आज नकाशा उघडून शाजापूर जिल्हा रंगवलात तर आगरची बाजू पार्टीच्या हातून काढल्यासारखं होईल. आमच्याकडे बऱ्हाणपूर खंडव्यातून 2003 साली निघालं, तेव्हा जुन्या कागदांवरून असाच घोळ झाला होता.

कलमदान
फार चांगला मुद्दा. टेरिटरीत नुसतं जिल्ह्याचं नाव उतरवून थांबू नये. सहीच्या तारखेला तो जिल्हा केवढा होता ते लिहावं, तहसीलवार. जिल्ह्याची हद्द पुढे बदलली तर टेरिटरीही बदलेल असं कलम असेल तर गोष्ट वेगळी. ते कलम 4 मध्ये शोधा. नसेल तर आगर त्याचंच धरून चाला आणि बाजूला एक ओळ टाका.

आता टार्गेट. इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, म्हणून आकडे घेऊनच बघू. एप्रिल-जून आणि जुलै-सप्टेंबर 2025 चे डेपोचे आकडे द्या.

रेवाकाठ
डेपोच्या रिपोर्टप्रमाणे एप्रिल-जून 37.76 लाख, जुलै-सप्टेंबर 41.30 लाख. 45 च्या 80 टक्के म्हणजे 36 लाख. दोन्ही तिमाही पास.

सियागंजकर
बघा! टार्गेट पण झालं. पार्टी सुरक्षित.

कलमदान
हा रिपोर्ट जीएसटीसकट असणार. स्विचगिअरवर 18 टक्के आहे. 37.76 ला 1.18 ने भागा, 32 लाख येतात. 41.30 चे 35 लाख. त्यातून परत आलेला माल काढायचा. क्रेडिट नोटांचे आकडे, कर वगळून, सांगा.

रेवाकाठ
पहिल्या तिमाहीत 90 हजार, दुसऱ्या तिमाहीत 1.40 लाख.

म्हणजे 31.10 आणि 33.60. दोन्ही 36 च्या खाली! साहेबांना आत्ताच सांगितलं, ते खूश. म्हणतात उद्याच नोटीस काढा, इंदूर शहरात पण दुसरा माणूस नेमता येईल.

कलमदान
त्यांना एक दिवस थांबवा. कलम 6 पूर्ण वाचलंत का? मालाचा पुरवठा कंपनीकडून झाला नाही तर काय, याची एक ओळ अशा अ‍ॅग्रीमेंटमध्ये बहुतेक असते. कधी टार्गेटच्या कलमाच्या शेपटीला, कधी थेट ऑर्डरच्या कलमात लपलेली.

रेवाकाठ
आहे! पण कलम 6 मध्ये नाही, कलम 9.3 मध्ये, ऑर्डर आणि डिस्पॅचखाली. "कंपनीने स्वीकारलेली ऑर्डर 21 दिवसांत रवाना झाली नाही तर तिची रक्कम किमान खरेदी मोजताना, ज्या तिमाहीत ते 21 दिवस संपतात, त्या तिमाहीत धरली जाईल."

सिस्टिममध्ये शोधलं. मॉड्युलर प्लेट्सची 3.10 लाखांची ऑर्डर, कर वगळून, 4 सप्टेंबरला स्वीकारलेली. कारखान्यातूनच माल नव्हता, निघाली 6 ऑक्टोबरला.

कलमदान
21 दिवस 25 सप्टेंबरला संपले, म्हणजे दुसऱ्याच तिमाहीत. 33.60 मध्ये 3.10 मिळवा, 36.70 लाख. 45 च्या साडेएक्क्याऐंशी टक्क्यांच्या वर. दुसरी तिमाही पास.

पहिली तिमाही नापास, दुसरी पास, म्हणजे सलग दोन नाहीत आणि नोटीस काढायला आधारच नाही. ती निघाली असती तर पार्टीने पहिल्याच उत्तरात कलम 9.3 आणि तुमच्याच सिस्टिमची तारीख जोडून पाठवली असती.

एक काळजी घ्या. हे 3.10 लाख ऑक्टोबरमध्ये बिल झालेत, तेव्हा तिसऱ्या तिमाहीच्या बिलांत पुन्हा दिसतील. तिथून ते वजा करून मोजायचे, नाहीतर तोच माल दोनदा मोजला जाईल.

सियागंजकर
हे तर सीएची परीक्षा झाली. पण खरं सांगू का, पार्टी ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, सेल्समन अंगठा दाखवतो. ती "स्वीकारलेली" होते का?

कलमदान
छान विचारलंत. सिस्टिममध्ये ऑर्डर नंबर पडला असेल तर वाद नाही. नुसता अंगठा असेल तर स्वीकार कसा होतो ते कलम 9 मध्ये कुठेतरी असेल, तिथे बघायचं. तिथेही नसेल तर ज्याला जे सोयीचं, तो तेच म्हणेल.

एक्सेलवाला
स्कीमची क्रेडिट नोट पण वजा करायची ना? आमच्याकडे तिमाहीची स्कीम दोन-दोन टक्के असते.

कलमदान
इथल्या व्याख्येत फक्त कर आणि परत आलेला माल आहे. स्कीमचा उल्लेख नाही, म्हणून मी तरी वजा करणार नाही. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये "सर्व सवलती वजा जाता" असं असेल तर उत्तर बदलेल. पानावर मोजायची पद्धतच एका ओळीत लिहून टाकायची, म्हणजे पुढच्या तिमाहीला कुणी नव्याने ठरवत बसणार नाही.

अ‍ॅड_ग्वाल्हेर
आता टर्मिनेशन. रेवाकाठ, कराराची मुदत किती आणि शेवटचं नूतनीकरण कधी झालं?

रेवाकाठ
मुदत तीन वर्षं, पुढे दोघांच्या लेखी संमतीने वाढवायची. 2015 चं पत्र आहे, त्याने मार्च 2018 पर्यंत वाढवलं. त्यानंतर काही नाही. धंदा मात्र चालूच आहे.

सियागंजकर
घ्या, अ‍ॅग्रीमेंटच मेलेलं आहे! मग कसलं एक्स्क्लुझिव्ह आणि कसले 90 दिवस?

अ‍ॅड_ग्वाल्हेर
इतकं सरळ नाही, भाऊ. मुदत संपल्यावरही तुम्ही त्याच टार्गेटवर मोजत राहिलात, त्याच टेरिटरीत माल देत राहिलात, डिपॉझिट धरून ठेवलंत. यावरून दोघांनी जुन्याच अटी चालू ठेवल्या असं समोरचा म्हणू शकतो, आणि ते अगदीच हवेतलं नाही. उलट कंपनी म्हणेल की लेखी संमतीशिवाय वाढ होतच नाही, असं करारातच लिहिलंय. दोन्ही बाजूंना जागा आहे. साहेबांच्या पानावर हे लाल शाईने आलं पाहिजे, कारण वरच्या तिन्ही रकान्यांचा पाया हाच आहे.

व्यवहारात माझा सल्ला असा: अटी चालू आहेत असं धरूनच वागा. 90 दिवसांची नोटीस द्यायला फार काही लागत नाही, न दिल्याचा खटला मात्र महागात पडतो. नोटीस देऊन संपवता येणाऱ्या करारात कोर्ट सहसा डिस्ट्रिब्युटरला परत बसवत नाही, नुकसानभरपाई देतं. अमृतसरच्या गॅस एजन्सीच्या प्रकरणात 1990 साली सुप्रीम कोर्टाने इंडियन ऑइलच्या अपिलावर हेच म्हटलं. तिथे 30 दिवसांच्या नोटिशीचं कलम होतं, भरपाईही त्या 30 दिवसांपुरती धरली. तुमच्याकडे 90 आहेत. पण हे कारण न देता बंद करण्यापुरतं. "टार्गेट चुकलं" असं कारण लिहून बंद केलंत आणि आकडा वरच्यासारखा उलटला, तर भांडण लांबतं.

रेवाकाठ
ताई, अजून एक. कलम 14.6: बंद झाल्यावर दोन वर्षं पार्टीने दुसऱ्या कंपनीचा तसाच माल विकायचा नाही. साहेब म्हणतात हे मोठ्या अक्षरात टाका.

अ‍ॅड_ग्वाल्हेर
टाका, पण बाजूला लिहा की यावर भरवसा ठेवून प्लॅन करू नये. करार चालू असताना "दुसऱ्याचा माल विकू नको" ही अट सहसा टिकते. करार संपल्यावर कुणाचा धंदा अडवणारी अट भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढे टिकणं फार अवघड.

उज्जैनचा_दुकानदार
हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी वर्षभर घाबरून दुसरी एजन्सी घेतली नव्हती. आणि माझ्या डिपॉझिटचं काय?

अ‍ॅड_ग्वाल्हेर
तुमचं अ‍ॅग्रीमेंट काढा आणि टर्मिनेशननंतरचं कलम बघा. माल परत कोणत्या भावाने, हिशेब किती दिवसांत, डिपॉझिट कशातून वळतं करणार, हे तिथे असतं. बंद झाल्याची तारीख तीन वर्षांच्या जवळ येत असेल तर आज-उद्यातच वकिलाला भेटा. मुदतीच्या कायद्यात अशा वसुलीला साधारण तेवढाच वेळ असतो.

निमाडकर
नोटिशीचा पत्ता पण. कलमात रजिस्टर्ड ए.डी. लिहिलं असणार.

रेवाकाठ
हो, कलम 19. रजिस्टर्ड ए.डी. किंवा कुरिअर, करारातल्या पत्त्यावर. ईमेलचा उल्लेख नाही. करारात पत्ता महाराणी रोडच्या दुकानाचा आहे, पार्टीने गोदाम आणि ऑफिस केव्हाच देवास नाक्याला हलवलंय. पत्ता बदलल्याचं लेखी काही नाही.

अ‍ॅड_ग्वाल्हेर
मग दोन्ही पत्त्यांवर पाठवायची, आणि ईमेलने प्रत. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्ये सामावलीय, तेव्हा स्पीड पोस्ट करताना पोच मागून घ्या आणि कुरिअरही करा. कलमात कुरिअर आहेच, म्हणजे अडचण नाही.

रेवाकाठ
पान पुन्हा केलं. रकाने मोडले, वरून खाली साखळी केली. प्रत्येक ओळीपुढे कलम आणि पान नंबर.

> मुदत: मार्च 2018 ला संपली, व्यवहार चालू. लीगलकडे. (कलम 3, 2015 चं पत्र)
> टेरिटरी: इंदूर, देवास, 2012 चा शाजापूर, म्हणजे आजच्या आगर-मालवासकट. हद्द बदलाचं कलम नाही. पिथमपूर अ‍ॅनेक्शरमध्ये नाही, 2016 ची मुभा, सही फक्त आपली. लीगलकडे.
> टार्गेट: तिमाही 45 लाख. बिलं, कर वगळून, परत माल वजा, अडकलेल्या ऑर्डर मिळवून (2.6, 9.3). एप्रिल-जून 31.10, जुलै-सप्टेंबर 36.70.
> एक्स्क्लुझिव्ह: टेरिटरीत चालू. जायला सलग दोन तिमाही 36 च्या खाली आणि लेखी नोटीस. आज पहिली अट पूर्ण नाही. (7)
> बंद करणं: कारण न देता 90 दिवस, भंग असेल तर 30 दिवस सुधारायला. दोन्ही पत्त्यांवर. (14, 19)
> बंद झाल्यावर: चांगला माल बिलाच्या भावाने परत, हिशेब 60 दिवसांत, डिपॉझिट त्यातून वळतं. (14.4)

शेवटची ओळ @उज्जैनचा_दुकानदार दादांसाठी.

साहेब म्हणाले, इंदूरला हात लावायचा नाही, पिथमपूरचं लीगलचं मत येऊ दे.

कलमदान
उत्तम. फक्त टार्गेटच्या ओळीत "45 लाख" कुठून आले ते लिहा. अ‍ॅनेक्शर बी 2012 चं असेल तर तेव्हा हाच आकडा होता का?

रेवाकाठ
नव्हता. अ‍ॅनेक्शर बी मध्ये 28 लाख आहेत. 45 हे गेल्या वर्षीच्या टार्गेट लेटरमधले.

कलमदान
त्यावर पार्टीची सही आहे?

रेवाकाठ
ईमेलने गेलं होतं. उत्तर आलं होतं, "नोटेड".

सियागंजकर
आता 28 च्या 80 टक्के काढा, 22.40. पार्टी दोन्ही तिमाही आरामात पास!

अ‍ॅड_ग्वाल्हेर
"नोटेड" म्हणजे सही नाही. पण त्यानंतर त्याच आकड्यावरची स्कीम पार्टीने उचलली असेल तर तो आकडा तिने मान्य केला असं कंपनी म्हणू शकते. कलम 18 मात्र तुमच्या विरोधात उभं आहे. स्कीमची क्रेडिट नोट कोणत्या आकड्यावर निघाली?

रेवाकाठ
45 वरच निघाली असावी. अकाउंट्सला विचारते, तिथले देशपांडे काका सोमवारी येतील. आणि दुसऱ्या पार्टीची फाइल उघडली तर तिचं अ‍ॅनेक्शर बी कोरं आहे. सह्या आहेत, आकडाच नाही.

निमाडकर
त्यासाठी नवा धागा काढा.